वेळेवर आणि पूर्ण : पुरवठादाराचे गुण कसे मोजतात?

पुरवठादाराच्या कामगिरीचा आढावा घेताना ‘वेळेवर आणि पूर्ण’ हा निकष खरेदी आदेशातील प्रत्येक ओळीला स्वतंत्रपणे लावला जातो. मागवलेला सर्व माल ठरलेल्या तारखेपर्यंत पोहोचला, तरच ती ओळ उत्तीर्ण ठरते. शंभरपैकी नव्वद नग आले, तरी गुण शून्यच.

समजा, महिन्यात २० ओळींचा माल येणे होता. आवक नोंदींनुसार ३ ओळींना उशीर झाला आणि ३ ओळींत माल कमी आला. एक ओळ दोन्ही यादींत आहे. म्हणजे अनुत्तीर्ण ओळी ६ नव्हे, ५ आणि निकाल ७५ टक्के.

मात्र उशिराच्या दोन ओळींचा माल ठरलेल्या शनिवारीच फाटकातून आत आला होता. गोदामाने नोंद सोमवारी केली. फाटकावरील तारीख धरल्यास दोन्हींचा उशीर पुसला जातो. पण त्यांतील एक ओळ अपुरीही असल्याने अनुत्तीर्णच राहते. निकाल ८० टक्के होतो.

याउलट, पुरवठादाराच्या विनंतीवरून आदेशातील तारीख पुढे ढकलताना जुनी तारीख पुसली गेली, तर खरा उशीर दिसतच नाही. म्हणून मूळ तारीख जपावी आणि कोणती तारीख प्रमाण मानायची, हे उभयतांनी आधीच ठरवावे.