लॅपटॉप बंद पडल्यावरचा माफीचा मेल

लॅपटॉप बिघडून मुदत हुकली, की फ्रीलान्सर बिघाडाचेच पुराण लिहीत बसतो. ग्राहकाला मात्र काम किती शाबूत आहे आणि उरलेले कधी मिळेल, एवढेच हवे असते. ही तारीख दुरुस्तीवाल्याच्या निदानावर ठरते. चार्जिंग किंवा स्क्रीनचा दोष असेल, तर फाइली बहुधा सुरक्षित असतात. डिस्क सुटी निघणारी असल्यास दुसऱ्या संगणकाला जोडून त्या काढता येतात. डिस्कच गेली असेल, तर फाइली मिळतीलच असे नाही. अशा वेळी ‘लॅपटॉप आला की पाठवते’ हे आश्वासन पोकळ ठरते.

अनुवादिकेचा मेल असा असू शकतो: ‘नमस्कार मॅडम, अहवालाचा अनुवाद आज सहापर्यंत द्यायचा होता, तो देऊ शकले नाही. माफ करा. काल रात्री लॅपटॉप बंद पडला. 40 पैकी 26 पाने ड्राइव्हवर होती, ती जोडली आहेत. उरलेली 14 दुसऱ्या संगणकावर करून गुरुवारी दुपारी दोनपर्यंत पाठवते. त्याआधी हवी असल्यास कळवा.’

यातला गुरुवार दुरुस्तीवर अवलंबून नाही, म्हणून तो पाळता येतो. दुरुस्तीच्या पावतीचा फोटो कोणी मागितल्याशिवाय जोडू नये. न मागता दिलेला पुरावा उलट शंका जागवतो.