पगारवाढ नव्हे, करेक्शन

हिंजवडीतली एक टेस्टर उदाहरणादाखल घेऊ. 2019 मध्ये ती 4.20 लाखांवर रुजू झाली. दरवर्षी 8 टक्क्यांप्रमाणे सहा वाढी मिळाल्या आणि आकडा 6.66 लाखांवर पोचला. त्याच टीममध्ये तिच्याएवढ्याच अनुभवाचा नवा माणूस आला तो बराच वर. यात कुणाचा डाव नसतो. जुन्याची वाढ जुन्या पगारावर मोजली जाते, नव्याचा पगार बाजार ठरवतो. ही दरी वार्षिक इन्क्रिमेंटने भरत नाही, त्यासाठी वेगळं पत्र लागतं.

पत्र बहुतेकदा घसरतं ते तुलनेत. नोकरीच्या साइटवर 10 लाखांचं पॅकेज दिसतं आणि तेच पत्रात उतरतं. एचआर ते दोन मिनिटांत फेटाळतं, कारण त्यात 1 लाख व्हेरिएबल आणि 50 हजार जॉइनिंग बोनस असतो. दोन्ही वजा केले की उरतात 8.50 लाख. पीएफ आणि ग्रॅच्युइटी तिच्या आकड्यातही धरलेली आहे, म्हणून आता तुलना सरळ होते. अर्थात एका जाहिरातीवर भिस्त ठेवून चालत नाही. पुणे, तेवढीच वर्षं आणि तेच काम, अशा चार-पाच ठिकाणचे आकडे मांडून मधला घ्यावा. पदनामाला फार भुलू नये. एका कंपनीतला ‘लीड’ दुसरीकडे साधा सीनिअर असतो.

समजा, मधला आकडा 8.50 लाखच निघाला. तिचा पगार त्याच्या 78 टक्के आहे. अनेक कंपन्यांत पगाराचा पट्टा मधल्या आकड्याच्या साधारण 80 ते 120 टक्क्यांत आखतात, म्हणजे ती पट्ट्याच्या तळाच्याही खाली आहे. एचआरला हीच भाषा कळते. घराचा हप्ता, मुलांची फी या गोष्टी खऱ्या असल्या तरी या हिशेबात त्यांना जागा नाही. शेजारच्या सहकाऱ्याचा पगार तर नाव घेऊन लिहूच नये.

कर्तबगारीचा परिच्छेद छोटाच असावा. ‘मी खूप मेहनत घेतली’ याने काही सिद्ध होत नाही. ‘रिलीजआधीची रिग्रेशन तपासणी चार दिवसांवरून सहा तासांवर आणली, नोंदी जिरात आहेत’ हे वाक्य मॅनेजर जसंच्या तसं पुढे पाठवू शकतो. आणि पत्र पुढे जातंच. मंजुरी देणारा माणूस बऱ्याचदा तिला ओळखतही नसतो.

मागणी एका आकड्यात असावी: ‘आता 7.65 लाख, म्हणजे मधल्या आकड्याच्या 90 टक्के, उरलेली तफावत पुढच्या अप्रेझलला.’ ही वाढ जवळपास 15 टक्के होते. वाढी एप्रिलपासून लागू होत असतील तर पत्र मार्चमध्ये देऊन उपयोग नाही, तोवर बजेट वाटून झालेलं असतं. डिसेंबर-जानेवारी बरा. दुसऱ्या कंपनीच्या ऑफरची धमकी मात्र जायची तयारी असेल तरच घालावी, कारण काही मॅनेजर हसून शुभेच्छा देतात. नकार आला तर आपला पट्टा कोणता आणि फेरविचार कोणत्या महिन्यात, एवढं ईमेलवर लिहून मागावं.