‘नंबर १’ कशावरून?

‘सर्वोत्तम’, ‘अव्वल’, ‘नंबर १’, ‘हजारो समाधानी ग्राहक’ हे शब्द जाहिरातीत एकाच ओळीत उभे असतात, पण त्यांची जात एक नाही. ‘आमच्या लाडवाची चव लई भारी’ हे मत झाले. चव मोजता येत नाही आणि वाचणाराही ते वाक्य मापाने घेत नाही. ‘नंबर १’ मात्र क्रमांक आहे. क्रमांक म्हटला की कशात, कुठे, कोणत्या काळात आणि कोणी मोजले हे प्रश्न आपोआप येतात.

भारतीय न्यायालयांनी पहिल्या प्रकाराकडे बरेचसे सौम्यपणे पाहिले आहे. उजाला आणि रॉबिन या नीळ बनवणाऱ्यांच्या वादात १९९९ साली कोलकाता उच्च न्यायालयाने म्हटले की आपला माल जगात उत्तम आहे असे व्यापारी सांगू शकतो, मग ते खरे नसले तरी. दुसऱ्याच्या मालाची बदनामी मात्र करता येणार नाही. हा वाद दोन उत्पादकांमधला होता. ग्राहकाच्या बाजूने विचारणारा ‘ग्राहक संरक्षण कायदा, २०१९’ नंतर आला. त्याखालच्या केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाला दिशाभूल करणारी जाहिरात थांबवण्याचा आणि दहा लाख रुपयांपर्यंत दंड करण्याचा अधिकार आहे. पुन्हा तीच चूक झाली तर दंड पन्नास लाखांपर्यंत जातो. कायद्याच्या व्याख्येत इंटरनेटवरची जाहिरातही येते, म्हणजे इन्स्टाग्रामवरच्या फोटोखालची ओळसुद्धा.

दावा आणि पुरावा यांचे माप कसे जुळावे लागते, हे २०२२च्या सेन्सोडाइन प्रकरणात नीट दिसते. ‘जगातील नंबर १’ आणि ‘जगभरातील दंतवैद्यांची शिफारस’ असे या टूथपेस्टच्या जाहिरातीत म्हटले होते. पुरावा मागितल्यावर कंपनीने भारतातल्या दंतवैद्यांमध्ये केलेली दोन बाजार सर्वेक्षणे पुढे केली. प्राधिकरणाने जाहिरात बंद करायला सांगितले आणि दहा लाखांचा दंड केला. सर्वेक्षणे होती, पण ती भारतापुरती होती आणि दावा जगभराचा होता. मोठ्या कंपनीचे हे झाले. छोट्या व्यवसायात तर सर्वेक्षणही नसते, नुसता उत्साह असतो.

नमुन्यादाखल साताऱ्याकडचा एक छोटा मसाला उद्योग कल्पावा. त्याच्या कांदा-लसूण मसाल्याच्या फोटोखाली लिहिले आहे: ‘महाराष्ट्रातला नंबर १ मसाला! शंभर टक्के शुद्ध! हजारो समाधानी ग्राहक!’ प्रत्येक तुकड्याला ‘कशावरून?’ एवढेच विचारले की मजकूर उलगडू लागतो.

‘नंबर १’ला उत्तरच नाही. गावोगावच्या कांडपावर लोक स्वतःची मिरची देऊन मसाला करून घेतात. त्याची नोंद कुठेच होत नाही, तेव्हा राज्यातला पहिला क्रमांक कोणी ठरवणार? पण आपला मसाला सरस आहे असे मालकिणीला उगाच वाटत नसते. रंगासाठी ब्याडगी आणि तिखटपणासाठी संकेश्वरी मिरची घेतली जाते, देठ हाताने खुडले जातात, आणि एकदम ढीगभर न कुटता आठवड्याला एक घाणा काढला जातो. विशेषणामागचे हे कारणच वाक्यात यायला हवे: ‘ब्याडगी आणि संकेश्वरी मिरची, देठ खुडून. कुटल्याची तारीख प्रत्येक पाकिटावर.’ याचा पुरावा म्हणजे मिरचीच्या खरेदीची बिले आणि घाण्यांची वही. इथे एक बारीक अडचण येते. व्यापाऱ्याच्या बिलावर बहुधा नुसते ‘लाल मिरची’ लिहिलेले असते, आणि तेवढ्यावर ब्याडगी सिद्ध होत नाही. खरेदीच्या वेळीच बिलावर जात लिहून मागावी लागते.

‘शुद्ध’ हा शब्द दिसतो त्यापेक्षा जड आहे. अन्न सुरक्षा आणि मानके प्राधिकरणाच्या २०१८च्या जाहिरात व दावेविषयक नियमांत शुद्ध, ताजे, नैसर्गिक, पारंपरिक अशा शब्दांच्या वापरावर अटी आहेत. त्याऐवजी ‘कृत्रिम रंग घातलेला नाही’ असे लिहिता येईल, आणि कृतीत रंग नसेल तर ते खरेही असेल. तरी विकत आणलेल्या मिरचीतच कोणी रंग मिसळला नव्हता, हे कृतीवरून कळत नाही. त्यासाठी मान्यताप्राप्त प्रयोगशाळेचा अहवाल लागतो. तो अहवालही दिलेल्या नमुन्यापुरताच बोलतो. म्हणून घाण्याचा क्रमांक आणि तपासणीचा महिना देऊन ‘या घाण्यात कृत्रिम रंग आढळला नाही’ एवढेच म्हणणे योग्य. पाकिटावरचा चौदा अंकी परवाना किंवा नोंदणी क्रमांक दर्जाचे प्रशस्तिपत्र म्हणून मिरवण्याची खोडही सर्रास दिसते. तो क्रमांक व्यवसायाची नोंद झाल्याचे सांगतो, मसाला चांगला असल्याचे नाही.

राहिले ‘हजारो समाधानी ग्राहक’. वहीत विकलेल्या पाकिटांची संख्या असते. एका घरातून दहा पाकिटे गेली तर ते दहा ग्राहक नव्हेत, आणि समाधानाची नोंद तर नसतेच. जे मोजता येते ते म्हणजे पुन्हा आलेले गिऱ्हाईक. फोन क्रमांकांवरून पाहिले तर समजा एप्रिल ते सप्टेंबर या सहा महिन्यांत ३१० जणांनी पहिल्यांदा मसाला घेतला आणि त्यांतल्या १२४ जणांनी मार्चअखेरपर्यंत परत मागवला. म्हणजे शंभरातले चाळीस. मार्चमध्ये पहिले पाकीट नेणाऱ्याचा मसाला संपलेलाही नसतो, म्हणून हिशेबात पहिली सहामाहीच घेतली आहे. चाळीस हा आकडा मालकिणीला तोकडा वाटेल आणि ‘हजारो’ सोडवणार नाही. पण चौकस वाचकाला तोच जास्त सांगतो, कारण आकड्याच्या मागे मोजलेली माणसे आहेत.

शेवटी मजकूर असा होतो: ‘ब्याडगी आणि संकेश्वरी मिरचीचा कांदा-लसूण मसाला. देठ खुडलेली मिरची, कृत्रिम रंग घातलेला नाही. कुटल्याची तारीख पाकिटावर. गेल्या एप्रिल ते सप्टेंबरमध्ये पहिल्यांदा घेणाऱ्या ३१० जणांपैकी १२४ जणांनी मार्चअखेरपर्यंत पुन्हा मागवला.’ यात उद्गारचिन्ह नाही आणि त्याची उणीवही भासत नाही.

मोठा दावा ठळक छापून तळाला तारांकित बारीक अक्षरांत तो मागे घेण्याची जुनी युक्ती आता चालत नाही. २०२२च्या केंद्रीय मार्गदर्शक तत्त्वांनुसार खुलासा मूळ दाव्याच्या विरोधात जाता कामा नये आणि तो दाव्याच्याच भाषेत असायला हवा. मराठी दाव्याला इंग्रजी खुलासा बसत नाही. अटी इतक्या असतील की तळाला नेल्याशिवाय मावत नाहीत, तर मूळ वाक्यच मोठे झाले आहे असे समजावे आणि ते लहान करावे.

खरा लिहिलेला मजकूरही शिळा होतो. ब्याडगी महागली आणि एखाद्या घाण्यात दुसरी मिरची घातली, तर त्या घाण्यापुरते ब्याडगीचे नाव काढावे लागते. सहामाहीचे आकडे नवा हिशेब झाल्यावर बदलावे लागतात, आणि जुन्या पोस्टवर आधीचे आकडे तसेच राहणार असतील तर त्यांच्यासोबत वर्ष लिहिलेले हवे.