कैफियतीतलं एक वाक्य

‘सही माझी नाहीच.’ ‘सही माझी आहे, पण पैसे मिळाले नाहीत.’ ‘पैसे घेतले होते, पण फेडले.’ हातउसन्या पैशांच्या दाव्यात प्रतिवादी आपल्या कैफियतीत बहुधा यातलंच काहीतरी लिहितो. रक्कम तीच, प्रॉमिसरी नोटही तीच. पण कोणी काय शाबित करायचं, हे या वाक्यागणिक बदलतं.

समजा, एकाने दुसऱ्याला तीन लाख रुपये रोख दिले आणि प्रॉमिसरी नोट लिहून घेतली. पैसे परत येईनात म्हणून त्याने दिवाणी दावा लावला. ‘न्यायालयाकडून ज्याला काही हवं, त्याने त्यासाठी लागणारी वस्तुस्थिती शाबित करावी’ हा मूळ नियम. १८७२च्या पुरावा कायद्यात तो १०१व्या कलमात होता; १ जुलै २०२४पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमात तो कलम १०४मध्ये आहे.

प्रतिवादीने सहीच नाकारली, तर नियम सरळ लागू होतो. सही त्याचीच आहे हे वादीने दाखवायचं. सही होताना हजर असलेला साक्षीदार, किंवा प्रतिवादीचं अक्षर ओळखणारा माणूस त्याला उभा करावा लागेल. हस्ताक्षरतज्ज्ञाचं मतही घेता येतं, पण तेवढ्यावर विसंबून राहणं धोक्याचं. न्यायालय असं मत जपूनच वापरतं.

दुसऱ्या उत्तराने मात्र पारडं फिरतं. सही कबूल झाली की पराक्राम्य दस्तऐवजांचा १८८१चा कायदा वादीच्या मदतीला येतो. त्याच्या कलम ११८नुसार प्रॉमिसरी नोट मोबदला घेऊनच लिहून दिली आहे, असं न्यायालयाने गृहीत धरायचं असतं. म्हणजे पैसे दिल्याचा वेगळा पुरावा सुरुवातीला वादीकडून मागितला जात नाही; आता बोलायची पाळी प्रतिवादीची. पण पैसे मिळाले नाहीत हे दाखवायचं तरी कसं? न घडलेल्या गोष्टीची पावती कोण देणार? म्हणून कायदा त्याच्याकडून फार मोठी अपेक्षा ठेवत नाही. पैसे मिळाले नसण्याचीच शक्यता अधिक आहे, एवढं त्याने दाखवलं तरी पुरतं. त्यासाठी स्वतःच साक्षीदार आणले पाहिजेत असंही नाही. वादीच्या उलटतपासातूनही ते साधतं. तीन लाख आणले कुठून, बँकेतून काढले का, घरात होते तर कशाचे, दिले तेव्हा कोण हजर होतं? या प्रश्नांवर वादी अडखळला, तर गृहीतक डळमळतं आणि पैसे दिल्याचा प्रत्यक्ष पुरावा देणं त्याला भाग पडतं.

इथे आणखी एक गोष्ट घडू शकते. वादी हिशेबवही ठेवणारा व्यापारी असेल आणि मागूनही ती हजर करत नसेल, तर ती त्याच्या विरुद्धच गेली असती असं न्यायालय मानू शकतं. १९६१मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कुंदनलाल रल्लाराम खटल्यात सांगितलं की, कागद दडवण्यातून निघणारं असं अनुमान कलम ११८च्या गृहीतकाला उलटवू शकतं. माझ्या मते हा या सगळ्यातला सर्वांत न्याय्य भाग आहे. गृहीतकाचा फायदा घ्यायचा आणि वहीही झाकून ठेवायची, हे दोन्ही चालत नाही.

तिसरं उत्तर प्रतिवादीला सर्वांत महाग पडतं. ‘घेतले, पण फेडले’ म्हणताच पैसे घेतल्याचा वाद संपतो, कारण कबूल केलेली गोष्ट शाबित करावी लागत नाही. मुद्दा उरतो फेडीचा आणि तो शाबित करणं प्रतिवादीकडे. एरवी साक्षीपुराव्याची सुरुवात वादी करतो. पण वादीची हकीकत कबूल करून प्रतिवादी केवळ जादा गोष्टीवर बचाव घेत असेल, तर दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश १८, नियम १ प्रमाणे सुरुवात करण्याचा हक्क त्याच्याकडे जातो.

म्हणून कैफियत लिहिताना ‘मजकूर खोटा व नाकबूल’ असा एकच शिक्का सगळ्या परिच्छेदांवर मारणं घातक. संहितेचा आदेश ८ सांगतो की प्रत्येक आरोप नेमकेपणाने नाकारला पाहिजे. मोघम नकार कबुलीत जमा होऊ शकतो. कोर्टात हे रोज दिसतं, तरी तेच छापील वाक्य पुन्हा पुन्हा येतं.

दोन्ही बाजूंचा सगळा पुरावा समोर आला की सुरुवात कोणी करायची होती, याला फारसं महत्त्व उरत नाही. न्यायाधीश एकंदर पुरावा तोलतात. दोन्ही पारडी खरोखर समसमान राहिली, तर मात्र त्या मुद्द्याचा भार ज्याच्यावर होता, तो हरतो. फेड झाल्याचं तोंडीच सांगणारा प्रतिवादी नेमका इथे अडकतो. नोटेच्या पाठीवर ‘पन्नास हजार पोचले’ एवढं लिहून, तारीख घालून त्याने सही घेतली असती, तर निदान तेवढ्या रकमेपुरता वाद राहिला नसता.