ठिपका होता की नव्हता?

आमचे एक स्नेही तालुक्याच्या गावी कनिष्ठ महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकवतात. सराव परीक्षेच्या दुसऱ्या दिवशी बारावीतल्या एका विद्यार्थिनीने मोबाइलवर पाठवलेला निरोप त्यांनी आम्हाला जसाच्या तसा दाखवला. तो असा :

“सर, नमस्कार. कालच्या पेपरातल्या चौरसाच्या गणिताबद्दल विचारायचं आहे. आकृतीत दोन कर्ण मध्ये एकमेकांना छेदतात. तिथे तारा जोडलेल्या आहेत, की एक तार दुसरीवरून नुसती गेली आहे? जोडलेल्या धरल्या तर दुसऱ्या भागाचं उत्तर ३२ ओहम येतं, न जोडलेल्या धरल्या तर ३५ ओहम. पहिल्या भागाचं दोन्ही प्रकारे ४०च येतं. मध्ये ठिपका नव्हता म्हणून मी ३५ लिहिलं. पण मग एकेका कर्णावर दोन-दोन रोध का दाखवलेत ते कळलं नाही. तुम्हाला कोणतं अपेक्षित होतं?”

सरांच्या नमुना उत्तरात ३२ होते आणि ३५ लिहिणाऱ्यांचे गुण जाणार होते. “आकृती स्पष्ट आहे हो, आठ रोध दिसतात, मध्ये जोड असणारच,” असे ते आम्हाला म्हणाले. आम्ही कागद-पेन्सिल घेऊन बसलो. वाचकांनीही बसावे.

एक चौरस काढा. वरचे दोन कोपरे डावीकडून अ आणि ब, खालचा उजवा क, खालचा डावा ड. चारही बाजूंवर ६० ओहमचा एकेक रोध. मग अक आणि बड हे दोन कर्ण काढा आणि प्रत्येक कर्णावर, मध्याच्या अलीकडे व पलीकडे, ६० ओहमचा एकेक रोध दाखवा. एकूण आठ रोध झाले. पहिल्या भागात अ आणि क यांच्यामधला परिणामी रोध विचारला होता, दुसऱ्यात अ आणि ब यांच्यामधला.

पहिला भाग सोपा आहे. अ आणि क यांच्यात १२ व्होल्टची बॅटरी जोडली असे समजा. अ १२ व्होल्टवर, क शून्यावर. ब आणि ड हे कोपरे अ व क यांच्या बरोबर मधोमध असल्यामुळे दोन्ही ६ व्होल्टवर राहतील. अक या कर्णाचा मध्यही ६ व्होल्टवर. बड या कर्णाच्या दोन्ही टोकांना ६ व्होल्टच, म्हणून त्यातून धारा वाहतच नाही आणि त्याचा मध्यही ६ व्होल्टवर. आता मध्यभागी छेदणाऱ्या दोन तारांचा विभव सारखाच असेल, तर त्या एकमेकींना जोडा किंवा जोडू नका, जोडातून काहीच वाहणार नाही. अ कोपऱ्यातून तीन वाटांनी प्रत्येकी ०.१ अँपिअर, म्हणजे एकूण ०.३ अँपिअर धारा निघते. १२ भागिले ०.३ बरोबर ४० ओहम.

गफलत इथेच लपली होती. या भागात आकृतीचा कोणताही अर्थ घेतला तरी उत्तर एकच येते, त्यामुळे वर्गातल्या बहुतेकांचे ४० जुळले. अर्धा वर्ग एका परिपथाचे गणित सोडवतो आहे आणि उरलेला अर्धा दुसऱ्याच परिपथाचे, हे त्या ४० वरून कुणालाही कळण्यासारखे नव्हते.

दुसऱ्या भागात मात्र ही सममिती मदतीला येत नाही. आधी तारा जोडलेल्या नाहीत असे धरू. मग प्रत्येक कर्ण म्हणजे १२० ओहमचा एकच रोध. अ ७ व्होल्टवर आणि ब शून्यावर ठेवू. चौरसाचा डावा अर्धा उजव्या अर्ध्याचे आरशातले प्रतिबिंब आहे, म्हणून ड हा ३.५ च्या जितका वर असेल तितकाच क खाली असेल. हा फरक x माना. ड पाशी अ कडून येणारी धारा (३.५ − x)/६०, तिथून क कडे जाणारी २x/६० आणि कर्णावरून ब कडे जाणारी (३.५ + x)/१२०. येणारी आणि जाणारी धारा सारखी ठेवली की x = ०.५ मिळते. म्हणजे ड ४ व्होल्टवर, क ३ व्होल्टवर. आता अ पासून निघणाऱ्या धारा मोजा : ब कडे ७/६०, ड कडे ३/६०, कर्णावरून क कडे ४/१२० म्हणजे २/६०. बेरीज १२/६०, म्हणजे ०.२ अँपिअर. ७ भागिले ०.२ बरोबर ३५ ओहम.

आता तारा मध्यभागी जोडा आणि त्या बिंदूला म म्हणा. आकडे सोपे यावेत म्हणून या वेळी अ ला ८ व्होल्ट देऊ. म मधोमध, म्हणून ४ व्होल्टवर. ड हा ४ + x आणि क हा ४ − x. ड पाशी येणारी धारा (४ − x)/६०, जाणाऱ्या x/६० आणि २x/६०. यातून x = १. अ पासून ब कडे ८/६०, म कडे ४/६०, ड कडे ३/६०. बेरीज १५/६०, म्हणजे ०.२५ अँपिअर. ८ भागिले ०.२५ बरोबर ३२ ओहम.

दोन्ही उत्तरे पूर्णांकात आली, हे या मुलीचे दुर्दैव. उत्तर ‘सुंदर’ आले म्हणजे अर्थ बरोबर लागला, असा एक अलिखित नियम विद्यार्थी वापरतात, आणि आम्हीही वापरत होतो. इथे तो चालत नाही.

मात्र दोन्ही उत्तरांचा आपसातला संबंध तपासता येतो. न जोडलेल्या परिपथात अक कर्णाचा मध्य (७ + ३)/२ म्हणजे ५ व्होल्टवर आहे आणि बड कर्णाचा मध्य (४ + ०)/२ म्हणजे २ व्होल्टवर. छेदणाऱ्या दोन तारांमध्ये तब्बल ३ व्होल्टचा फरक आहे. त्या जोडल्या की धारेला नवी वाट मिळते आणि परिणामी रोध उतरतो. परिपथात कुठेही नवा जोड दिला तर परिणामी रोध कमी होतो किंवा तेवढाच राहतो, वाढत कधीच नाही. हा नियम लॉर्ड रॅले यांच्या नावाने ओळखतात. कर्ण मुळीच नसते तर ६० आणि १८० ओहम समांतर जोडणीत येऊन ४५ ओहम मिळाले असते. कर्ण घातल्यावर ३५, ते मध्ये जोडल्यावर ३२ : उतरता क्रम बरोबर आहे. सरांच्या गठ्ठ्यात ४५ लिहिलेले पेपरही निघाले. त्या मुलांनी कर्ण सोडूनच दिले होते. आकृतीचा कोणताही अर्थ घेतला तरी ते चूक.

मग आकृती काय सांगत होती? मुलीने दोन पुरावे मांडले आहेत आणि ते एकमेकांच्या विरुद्ध जातात. ठिपका नाही, म्हणून जोड नाही. पण जोड नसेल तर १२० ओहमचा एक रोध काढण्याऐवजी ६० चे दोन का काढावेत? आम्ही तिसरा पुरावा शोधला : चारही कोपऱ्यांवर ठिपके आहेत का? कोपऱ्यांवर ठिपके असते आणि मध्ये नसता, तर ‘जोडलेले नाही’ असे खात्रीने म्हणता आले असते. छापील आकृतीत कुठेच ठिपका नव्हता. कोपऱ्यांना अक्षरे होती, मध्याला नव्हती, आणि गणिताच्या मजकुरात मध्यबिंदूचा उल्लेखही नव्हता.

खरी अडचण अशी की साध्या फुलीचे दोन परस्परविरोधी संकेत चालत आले आहेत. जुन्या पुस्तकांत न जोडलेली तार दुसरीवरून छोट्या अर्धवर्तुळाने उडी मारून नेलेली दिसते. ती पद्धत ज्याच्या अंगवळणी पडली आहे, तो साधी फुली पाहून ‘जोड आहे’ असे वाचतो. आजच्या पद्धतीत जोडाला ठिपका देतात आणि साधी फुली म्हणजे ‘जोड नाही’. सर पहिल्या पद्धतीवर वाढलेले, मुलगी दुसऱ्या. एकाच फुलीचे दोघांनी उलटे अर्थ लावले आणि दोघांनाही आपापली आकृती स्पष्ट वाटली.

सरांनी शेवटी आपली जुनी वही काढली. तिथल्या आकृतीत मध्ये म हे अक्षर होते आणि पेनाने गिरवलेला ठिपकाही होता. पेपर संगणकावर तयार करताना दोन रेषा एकमेकींवर टाकल्या गेल्या, आणि ठिपका व अक्षर दोन्ही राहून गेले. झेरॉक्समध्ये याच्या उलटही होते : शाईचा एखादा डाग नेमका फुलीवर पडतो आणि नसलेला जोड तयार होतो.

म्हणून ठिपक्यावर भिस्त न ठेवता आकृती काढणे बरे. जोड दाखवायचा असेल तर चार तारा एकाच बिंदूत आणू नयेत. अक ही रेषा सरळ काढावी. ब कडून येणारी तार तिला एका जागी टेकवावी आणि ड कडून येणारी किंचित बाजूला, दोन्ही रोधांच्या मधल्या भागातच. टेकून थांबलेली तार ‘वरून गेली’ असे कुणी वाचू शकत नाही, मग ठिपका पुसला तरी हरकत नाही. जोड नको असेल तर बड कर्ण चौरसाच्या बाहेरून, क ला वळसा घालून काढावा. फुली उरतच नाही. (सगळ्याच परिपथांत हे जमेल असे नाही. पाच बिंदूंपैकी प्रत्येक बिंदू इतर चारांना जोडायचा असेल, तर सपाट कागदावर कुठेतरी छेद येतोच.)

मोजून पाहायची इच्छा असेल तर एक किलोओहमचे आठ रोध आणि एक मल्टिमीटर पुरे. अ व ब यांच्यामध्ये सुमारे ५८३ ओहम दिसतील. मधल्या तारा एकमेकींना टेकवल्या की आकडा ५३३ च्या आसपास उतरेल. अ व क यांच्यामध्ये टेकवण्याआधी आणि नंतरही सुमारे ६६७ दिसतील. सोनेरी पट्ट्याच्या रोधांत पाच टक्क्यांपर्यंत फरक असू शकतो, म्हणून आधी एकेक मोजून जवळजवळ सारखे आठ निवडावेत. नाहीतर ६६७ चा आकडाही जरासा हलेल आणि मुले विचारतील की हे कसे.

सरांनी त्याच संध्याकाळी मुलीला कळवले : “मध्ये ठिपका हवा होता, तो माझ्याकडून राहिला. मला ३२ अपेक्षित होतं. छापलेल्या आकृतीवरून ३५ हेही बरोबर आहे. दोन्हींना पूर्ण गुण.” ३५ वाले सगळे पेपर त्यांनी पुन्हा काढले. त्यांतल्या दोघांनी आकृतीशेजारी ‘तारा जोडलेल्या नाहीत असे मानून’ असे लिहिलेले होते. ते पहिल्या तपासणीत सरांच्या नजरेतून सुटले होते.