दोन मुलांचा नोड काढताना

बायनरी सर्च ट्री ही किमती क्रमाने साठवणारी रचना आहे. तिच्या प्रत्येक नोडमध्ये एक किंमत असते आणि नोडखाली जास्तीत जास्त दोन मुले असतात, एक डावीकडे आणि एक उजवीकडे. कोणत्याही नोडच्या डाव्या बाजूला खालपर्यंत जेवढ्या किमती आहेत, त्या सगळ्या त्याच्यापेक्षा लहान असतात आणि उजव्या बाजूच्या सगळ्या मोठ्या. हा नियम फक्त लगतच्या मुलांपुरता नसून त्यांच्या खालच्या साऱ्या नोडांना लागू आहे. किंमत शोधताना प्रत्येक पायरीवर एक बाजू निश्चिंतपणे सोडून देता येते, ती याच नियमाच्या भरवशावर. येथे एकच किंमत दोनदा साठवलेली नाही, असे धरले आहे.

समजा, रिकाम्या झाडात ५०, ३०, ८०, २०, ४०, ६०, ९०, ७० या किमती याच क्रमाने घातल्या. झाड असे दिसेल:

```
          ५०
        /    \
      ३०      ८०
     /  \    /  \
   २०   ४०  ६०   ९०
              \
               ७०
```

यातून २० काढायचे असेल, तर ३०चा डावा दुवा रिकामा केला की काम संपले. ६० काढायचे असेल, तर त्याचे एकुलते मूल ७० हे ८०च्या डावीकडे जोडायचे. अडचण येते ती ५० काढताना. त्याच्या जागी ३०ला वर आणावे, तर ३०ची दोन मुले आधीच आहेत आणि ८०चा अख्खा भाग जोडायला त्याच्याकडे जागा उरत नाही. ८०ला वर आणले, तरी अडचण तीच.

म्हणून झाडाचा आकार जवळजवळ तसाच ठेवून ५०च्या जागी बसू शकेल अशी दुसरी किंमत शोधायची. ती डावीकडे उरणाऱ्या सगळ्या किमतींपेक्षा मोठी आणि उजवीकडे उरणाऱ्या सगळ्यांपेक्षा लहान हवी. झाडातल्या किमती चढत्या क्रमाने वाचल्या, म्हणजे इनऑर्डर फेरी मारली, तर २०, ३०, ४०, ५०, ६०, ७०, ८०, ९० अशी रांग मिळते. या रांगेत ५०च्या लगेच पुढे उभी असलेली किंमत, ६०, ही अट पुरी करते. हाच ५०चा इनऑर्डर सक्सेसर. ५०च्या अलीकडची ४० ही किंमतही चालली असती, पण बहुतेक पुस्तके सक्सेसर घेतात.

नोडला उजवे मूल असेल, तर सक्सेसर शोधायला रांग वाचावी लागत नाही. एक पाऊल उजवीकडे टाकायचे आणि मग जमेल तितके डावीकडे उतरत जायचे. ५०वरून उजवीकडे ८०, तिथून डावीकडे ६०. ६०ला डावे मूल नाही, म्हणून तिथे थांबायचे.

साऱ्या युक्तीचा आधार या थांबण्यात आहे. उजव्या भागातली सर्वांत लहान किंमत असलेल्या नोडला डावे मूल असूच शकत नाही. असते, तर ते त्याच्याहून लहान असते आणि सक्सेसरचा मान त्यालाच मिळाला असता. म्हणजे सक्सेसरला मुले असलीच तर एकच, तेही उजवीकडे. त्यामुळे दोन मुलांचा अवघड प्रश्न, आधीच सुटलेल्या शून्य किंवा एक मुलाच्या प्रश्नावर येऊन ठेपतो.

आता ६० ही किंमत ५०च्या नोडमध्ये लिहायची. खालचा जुना ६०चा नोड काढायचा आणि त्याचे उजवे मूल ७० हे त्याच्या पालकाला, म्हणजे ८०ला, डावीकडे जोडायचे. रूटवर ६०, डावीकडे ३०चा भाग जसाच्या तसा, उजवीकडे ८० आणि त्याखाली ७० व ९०. पायथनमध्ये हे काम एवढेच, मात्र z या नोडला दोन्ही मुले आहेत हे आधी तपासलेले हवे:

```python
def delete_two(z):
    p = z
    s = z.right
    while s.left is not None:
        p = s
        s = s.left
    z.key = s.key
    if p is z:
        p.right = s.right
    else:
        p.left = s.right
```

शेवटची अट अनावश्यक वाटते, आणि नेमकी तीच अनेकदा गाळली जाते. आता तयार झालेल्या झाडातून ८० काढून पाहावे. उजवीकडे एक पाऊल टाकले की ९०, आणि त्याला डावे मूल नाही. येथे सक्सेसर हे काढायच्या नोडचेच उजवे मूल आहे, त्यामुळे त्याचा पालक p हा z स्वतःच ठरतो. अट न तपासता p.left बदलला, तर ७०चा दुवा तुटतो आणि खालचा ९० जागेवरच राहतो. प्रोग्रॅम कोणतीही तक्रार न करता पुढे चालतो. चूक दिसते ती इनऑर्डर फेरीत. २०, ३०, ४०, ६०, ७०, ९० अशी रांग यायला हवी, तिथे २०, ३०, ४०, ६०, ९०, ९० येते. म्हणून प्रत्येक डिलीशननंतर ही फेरी मारून क्रम काटेकोर चढता आहे का आणि नोडांची संख्या एकनेच घटली का, हे दोन्ही पाहणे ही उत्तम चाचणी होय.

किंमत उचलून वर लिहिण्यात आणखी एक धोका आहे. मिटवायला सांगितले ५०च्या नोडला आणि झाडातून प्रत्यक्षात गेला ६०चा नोड. प्रोग्रॅमच्या दुसऱ्या भागाने ६०च्या नोडचा पत्ता जपून ठेवला असेल, तर तो आता झाडाबाहेरच्या नोडकडे बोट दाखवतो. यासाठी किंमत न हलवता दुवे बदलून अख्खा सक्सेसर नोडच वर बसवणे अधिक सुरक्षित. कॉर्मेन आणि सहलेखकांच्या ‘इंट्रोडक्शन टू अल्गोरिदम्स’ या पाठ्यपुस्तकाने २००९च्या तिसऱ्या आवृत्तीत हीच पद्धत स्वीकारली. कोड थोडा लांबतो, पण जो नोड काढायला सांगितला तोच जातो.

वेळेचा हिशोब सोपा आहे. रूटपासून खाली एकदाच उतरावे लागते, म्हणून लागणारी पावले झाडाच्या उंचीपेक्षा फारशी जास्त नसतात. पण उंचीच वाढत गेली तर? ही पद्धत टॉमस हिबर्ड यांनी १९६२मध्ये मांडली. यादृच्छिक क्रमाने बांधलेल्या झाडातून यादृच्छिकपणे एक किंमत काढली, तर उरलेले झाडही यादृच्छिकच राहते, हे त्यांनी दाखवले. त्यावरून डिलीशनने झाड बिघडत नाही, असा समज होणे स्वाभाविक होते. पण गॅरी नॉट यांनी १९७५मध्ये दाखवले की त्यानंतर नवी किंमत घातली, तर हा यादृच्छिकपणा टिकत नाही.

जेफ्री एपिंजर यांनी १९८३मध्ये घालणे आणि काढणे या क्रिया आलटून पालटून असंख्य वेळा करून पाहिल्या. झाड सुरुवातीला थोडे सुधारले, पुढे मात्र यादृच्छिक झाडापेक्षा वाईट झाले. कारण पद्धतीतच आहे. बदली किंमत प्रत्येक वेळी उजवीकडूनच येते. उजवा भाग झिजत जातो, वरच्या नोडांतल्या किमती हळूहळू मोठ्या होतात आणि डावीकडचा भार वाढतो. एपिंजर यांनी कधी सक्सेसर तर कधी अलीकडची किंमत, अशी दोन्ही बाजूंनी बदली घेतली, तेव्हा हा बिघाड दिसला नाही. वरच्या कोडात त्यासाठी फक्त left आणि right यांची अदलाबदल केलेली जोडशाखा लागते आणि दोहोंपैकी कोणती वापरायची हे दर वेळी नाणेफेकीने ठरवता येते.