विशेषणं काढली की काय उरतं?

दिवाळी अंकासाठी सोलापूरवरचा प्रवासलेख आला होता. लिहिणारा मुलगा पुण्याचा, हुशार आणि पायाला भिंगरी लागलेला. पहिला परिच्छेद असा होता: ‘सोलापूर हे ऐतिहासिक आणि सांस्कृतिक वारसा लाभलेले शहर आहे. येथील सुप्रसिद्ध सिद्धेश्वर मंदिर, भव्य भुईकोट किल्ला, नान्नजचे माळढोक अभयारण्य आवर्जून पाहण्यासारखे आहे. येथील जगप्रसिद्ध चादरी आणि चविष्ट शेंगा चटणी पर्यटकांना भुरळ घालते.’

अशा मजकुराची मी एकच परीक्षा घेते. गावाचं नाव खोडून दुसरं घालायचं. सोलापूरच्या जागी कोल्हापूर, सिद्धेश्वरच्या जागी महालक्ष्मी, चादरीच्या जागी चप्पल आणि चटणीच्या जागी तांबडा रस्सा घातला तरी परिच्छेद तसाच उभा राहतो. म्हणजे त्यात सोलापूर नाहीच. माहिती चूक नाही, पण ती कुठल्याही माहितीपत्रकात मिळेल आणि त्यासाठी सोलापूरला जायची गरज नाही.

अशा वेळी लिहिणारा पहिली गोष्ट करतो ती म्हणजे विशेषणं बदलतो. दुसऱ्या खेपेला या मुलाने ‘भव्य’चं ‘काळाच्या खुणा अंगावर वागवणारा’ केलं आणि मंदिराच्या तलावावर ‘असीम शांतता’ पसरवली. हे रंगकाम झालं, दुरुस्ती नव्हे. विशेषण म्हणजे लिहिणाऱ्याने दिलेला निकाल. वाचकाला साक्षीपुरावा हवा असतो, निकाल तो स्वतः देतो. म्हणून मी त्याला फोनवर विचारलं, “चटणी चविष्ट होती, हे तुला कशावरून कळलं?”

“ताई, चव चांगली होती.”

“कुठे घेतलीस? कशात बांधून दिली?”

मग हळूहळू निघालं. दुकानदाराने चटणी कागदात बांधून दिली होती. खोलीवर येईपर्यंत कागद तेलाने पारदर्शक झाला, पिशवीतल्या वहीच्या पुठ्ठ्यालाही डाग पडला. चटणी भुकटीसारखी सुटी नव्हती, मुठीत दाबली की गोळा धरत होती. हा खरा तपशील, कारण त्याच्यामागे कारण आहे. भाजलेले शेंगदाणे, लसूण, तिखट, जिरं आणि मीठ उखळात कुटलं की दाणा चेचला जातो आणि त्याचं तेल सुटतं. मिक्सरमध्ये झटपट फिरवलं तर दाण्याचा कोरडा कूट होतो, त्याला हा ओलसरपणा येत नाही. लेखात ‘चविष्ट’ गेलं आणि डागाळलेला कागद व मुठीतला गोळा आला. चव कशी होती हे कुठेच लिहिलेलं नाही, तरी वाचकाच्या तोंडाला पाणी सुटतं.

यादीचा प्रश्न वेगळा आहे. यादीतल्या प्रत्येक ठिकाणाला असा एकेक तपशील चिकटवला तर लेख सुधारत नाही, नुसता लांबतो. वाचक एका जागी बसण्याआधीच त्याला उठवून पुढच्या जागी नेलं जातं. म्हणून मी विचारलं, “यातल्या कुठल्या जागेतून तुला लवकर निघावंसं वाटलं नाही?” उत्तर ताबडतोब आलं: शहराच्या पूर्व भागातलं मागाचं घर. मूळ लेखात त्याच्या वाट्याला एकच ओळ होती, ‘मजबूत, आकर्षक आणि रंगीबेरंगी चादरी येथे रास्त दरात मिळतात.’ बाकी सगळं कमी करून ही ओळ वाढवायची, असं ठरलं.

इथे मोबाइलमधले फोटो कामाला आले. फोटोच्या मधोमध आपण जे टिपतो, ते सगळ्यांनीच टिपलेलं असतं. मी कडा पाहते. एका फोटोच्या कडेला मराठीसोबत तेलुगू अक्षरांची पाटी होती, कारण या भागातले बरेचसे विणकर तेलुगू बोलणारे पद्मशाली. दुसऱ्या फोटोत जिन्यावर शाळेचं दप्तर होतं, म्हणजे खाली माग आणि वर संसार. तिसऱ्यात मागाच्या वर, छताजवळ, भोकं पाडलेल्या पुठ्ठ्यांची माळ लोंबत होती. ती काय आहे, हे त्याने विचारलंच नव्हतं.

ती जॅकार्डची कार्डं. पुठ्ठ्यात जिथे भोक असेल तिथला ताण्याचा धागा वर उचलला जातो, जिथे नसेल तिथला खालीच राहतो, आणि त्या फटीतून धोटा आडवा धागा घेऊन जातो. धोटा गेला की माळ एक पुठ्ठा पुढे सरकते. म्हणजे चादरीवरचा मोर आधी भोकांच्या रूपात पुठ्ठ्यावर असतो आणि मग एकेका धाग्याने खाली उतरतो. हे कळल्यावर ‘आकर्षक नक्षी’ म्हणायची गरज कुणाला?

शेवटी उरलेला मजकूर साधारण असा झाला:

‘दारातच बोलणं थांबतं, कारण एकमेकांचं ऐकूच येत नाही. विणकर खुणेने आत बोलावतो. डोक्यावर भोकाभोकांचे पुठ्ठे एकामागून एक उलटत असतात आणि खाली मोराचा पिसारा बोटभर पुढे सरकलेला असतो. मी काही विचारायच्या आत तो चादरीचा कोपरा उलटून दाखवतो. वरून पांढऱ्यावर निळा मोर, खालून निळ्यावर पांढरा.’

यात ‘मजबूत’ नाही आणि ‘जगप्रसिद्ध’ही नाही. विणकराने कोपरा उलटून दाखवला, यात त्याचा अभिमान आला आणि दोन्ही बाजूंनी वापरता येणाऱ्या विणीची माहितीही आली. मधल्या खर्ड्यात तेलाचा वास, सुताचा धुरळा, ट्यूबलाइटचा उजेड, चहाचा कप असं सगळंच होतं. प्रत्येक गोष्ट खरी होती, पण ती पुन्हा यादीच झाली होती, फक्त ठिकाणांऐवजी वस्तूंची. ज्या तपशिलाने पुढे काही कळत नाही तो काढला. धुरळा कुठल्याही कारखान्यात असतो, उलटा मोर नसतो.

दोन गोष्टी मात्र मी हट्टाने खोडल्या. एक, सिद्धेश्वरच्या गड्डा यात्रेतल्या नंदीध्वजांच्या मिरवणुकीचं रसभरीत वर्णन. ती मिरवणूक संक्रांतीला निघते आणि हा मुलगा गेला होता भर उन्हाळ्यात. ऐकलेलं असेल तर ऐकलेलं म्हणून लिहावं, पाहिल्यासारखं लिहू नये. दुसरी, ‘हातमागावर विणलेली चादर’. हातमाग म्हटलं की वाक्याला आपोआप ऊब येते, म्हणून असं फार जण लिहितात. पण सोलापूरची चादर आज मुख्यतः यंत्रमागावर निघते. खरं म्हणजे ही चूक त्याच्याच तपशिलाने पकडून दिली होती. एकमेकांचं ऐकू येत नाही इतका खडखडाट विजेवर चालणाऱ्या मागांचा असतो. ‘पारंपरिक कला’ अशा सैल शब्दांत ही चूक सहज लपली असती. नेमकं लिहायला घेतलं म्हणून दोन वाक्यं एकमेकांवर आपटली आणि कळलं.

किल्ला, अभयारण्य, मंदिराच्या वेळा, स्टेशनपासूनची अंतरं हे सगळं शेवटी एका चौकटीत गेलं. यादी वाईट नसते. सहलीला निघालेल्या माणसाला ती लागतेच, फक्त तिची जागा लेखाच्या अंगात नाही. छापण्याआधी मजकूर त्या विणकराला फोनवर वाचून दाखवायला मी मुलाला सांगितलं. ‘भव्य’ आणि ‘सुप्रसिद्ध’ला सोलापूरचा माणूस हरकत घेत नाही, त्यात हरकत घेण्यासारखं काही नसतंच. पुठ्ठ्याचं भोक आणि उचललेला धागा यांत मात्र तो चूक काढू शकतो. लेखातलं प्रत्येक वाक्य त्याला खोडता येईल इतकं नेमकं झालं, तेव्हा मी तो छापायला पाठवला.